मास्कची कडा लपवायची कुठे? स्प्लिट स्क्रीन, रिव्हील आणि चालत्या माणसामागची अक्षरं

व्हिडिओत एक माणूस चालत जातो, त्याच्या मागे मोठ्या अक्षरांत गावाचं नाव उभं असतं, आणि माणूस त्या अक्षरांच्या पुढून पलीकडे निघून जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की अक्षरं चित्रात घुसवली आहेत. खरं तर काहीच घुसवलेलं नसतं. तोच व्हिडिओ दोनदा वापरलेला असतो, एकदा अक्षरांच्या खाली आणि एकदा वर. वरच्या प्रतीतला माणूस तेवढा ठेवून बाकीचं सगळं अदृश्य केलेलं असतं.

हे अदृश्य करण्याचं काम मास्क करतो. रांगोळीच्या छापासारखाच त्याचा उपयोग. छापाला जिथे भोक तिथेच रंग खाली पडतो, तसं मास्कच्या आकारात येतो तेवढाच भाग दिसतो. स्प्लिट स्क्रीन म्हणजे न हलणारा मास्क, रिव्हील म्हणजे हलणारा मास्क, आणि माणसामागची अक्षरं म्हणजे माणसाबरोबर चालणारा मास्क. तिन्हींत अडचण एकच असते, ती कडेची. नवशिके ही कडा तंतोतंत कापण्यात तासन्‌तास घालवतात. अनुभवी लोक मात्र ती जिथे कुणाला दिसणारच नाही अशी जागा शोधतात. पुढचं सगळं त्या जागेबद्दल आहे.

उदाहरणासाठी Shotcut हा फुकट एडिटर घेऊ. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि साध्या लॅपटॉपवरही पुरतो. मोबाइलवरच्या एडिटरची वाट थोडी वेगळी असते, ती शेवटाकडे येईल.

स्प्लिट स्क्रीन: क्लिप लहान करू नका, सरकवा

प्रोजेक्ट 1920 × 1080 चा आहे आणि दोन क्लिप शेजारी-शेजारी दाखवायच्या आहेत. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे दोन्ही क्लिप आकाराने निम्म्या करणं. तसं केलं की प्रत्येक चित्र 960 × 540 चं होतं आणि वरखाली काळे पट्टे राहतात. अर्ध्या पडद्याची जागा 960 रुंद आणि 1080 उंच आहे, म्हणजे उभी आहे. आडवी क्लिप तिथे बसवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे 480-480 पिक्सेल सोडून द्यायला लागतात आणि मधला भाग तेवढा वापरायचा.

Shotcut मध्ये उजवीकडची क्लिप V1 वर, म्हणजे सगळ्यात खालच्या व्हिडिओ थरावर ठेवा आणि तिला `Size, Position & Rotate` फिल्टर लावून ती आडव्या दिशेने 480 वर न्या. डावीकडची क्लिप त्याच्या वरच्या V2 वर ठेवा, तिला तोच फिल्टर लावून -480 वर न्या. मग त्याच क्लिपला `Crop: Rectangle` लावा, जागा 0, 0 आणि आकार 960 × 1080, पॅडिंगचा रंग पारदर्शक. फिल्टरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कापून मग सरकवलं तर कापलेली क्लिपच डावीकडे निघून जाते आणि पडद्यावर फक्त 480 पिक्सेलची पट्टी उरते. खालच्या क्लिपला कापायची गरज नाही, तिचा नको असलेला भाग वरची क्लिप झाकतेच.

मधोमध पांढरी रेघ हवी असेल तर V3 वर पांढऱ्या रंगाची क्लिप ठेवून तिला सहा पिक्सेल रुंद कापा, सुरुवात 957 पासून. ही रेघ नुसती शोभेची नाही. दोन क्लिपमधल्या उजेडाचा फरक डोळ्याला खटकतो तो रंग एकमेकांना चिकटतात तिथेच, आणि रेघ त्यांना वेगळं ठेवते. कडा लपवण्याचा सगळ्यात सोपा प्रकार हाच.

एकच माणूस पडद्यावर दोनदा दिसतो, स्वतःशीच बोलतो, तेही स्प्लिट स्क्रीनच असतं, फक्त तिथे रेघ नको असते. कॅमेरा तिवईवर ठेवून तो माणूस एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे चित्रित करतात आणि मधल्या रिकाम्या जागेवर कडा येते. भिंत सपाट असेल तर तिथे कडा थोडी मऊ, म्हणजे पुसट केली की ती नाहीशी होते. बिघडतं ते उजेडामुळे. फोनचा कॅमेरा दोन टेकमध्ये आपणहून उजेड बदलतो आणि भिंत अर्धी गडद, अर्धी फिकी दिसते. म्हणून चित्रीकरणाआधी पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करायचं. दोन्ही टेकही लगोलग घ्यायचे, कारण ऊन सरकलं की सावल्याही सरकतात. शिवाय माणसाची सावली मधली रेषा ओलांडत नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या. नंतर त्यावर इलाज नाही.

रिव्हील: खांबाच्या आड

कॅमेरा चालत्या गाडीतून बाहेर बघतो आहे, एक खांब पडद्यावरून जातो आणि तो गेल्यावर मागे वेगळंच दृश्य उघडतं. यात खांब असलेली क्लिप V1 वर आणि नवं दृश्य V2 वर असतं. V2 ला `Mask: Simple Shape` लावायचा, आकार आयत. खांब डावीकडून उजवीकडे जात असेल तर आयताची उजवी कडा त्याच्याबरोबर पुढे न्यायची.

इथे लोक खांबाच्या मागच्या काठावर मास्क अगदी चिकटवायला जातात. त्याची गरज नसते. मास्कची कडा खांबाच्या रुंदीत कुठेही असली तरी चालतं. ती खांबाच्या मध्यावर असेल तर खांब थोडा बारीक दिसतो, इतकंच, आणि तो मुळात किती जाड होता हे कुणी मोजत नाही. म्हणून रुंद खांब, झाडाचं खोड, जवळून जाणारी बस या गोष्टी रिव्हीलसाठी उत्तम, आणि बारीक सळई त्रासाची.

मास्क हलवण्यासाठी की-फ्रेम लागतात, म्हणजे ‘या क्षणी मास्क इथे’ अशा खुणा. दोन खुणांमधलं अंतर एडिटर स्वतः भरून काढतो. Shotcut मध्ये त्या त्या आकड्याशेजारचं घड्याळाचं चिन्ह दाबलं की त्यासाठी की-फ्रेम सुरू होतात. खूण आधी सुरुवातीला करा, मग शेवटी. आता बरोबर मधल्या फ्रेमवर जाऊन बघा. कडा खांबाबाहेर गेली असेल तरच तिथे तिसरी खूण. मग पुन्हा दोन्ही अर्ध्यांच्या मध्यावर तपासा. अशा निम्म्या-निम्म्याने गेलं तर बहुतेक वेळा चार-पाच खुणांत काम होतं. प्रत्येक फ्रेमवर खूण करण्याचा मोह टाळा. हाताने केलेल्या प्रत्येक खुणेत एक-दोन पिक्सेलची चूक असतेच, आणि ओळीने आलेल्या अशा चुका थरथरीसारख्या दिसतात.

माणसामागची अक्षरं

आता मुख्य प्रकार. क्लिप अशी समजा: कॅमेरा तिवईवर, समुद्रकिनारा, वर मोकळं आकाश, आणि एक माणूस सहा सेकंदांत डावीकडून उजवीकडे चालत जातो. वेग सेकंदाला 30 फ्रेम. माणूस पडद्यावर सुमारे 700 पिक्सेल उंच आहे. आकाशात ‘कोकण’ असं लिहायचं आहे.

टाइमलाइनवर तीन थर लागतात. V1 वर मूळ क्लिप, V2 वर अक्षरं आणि V3 वर मूळ क्लिपचीच प्रत, V1 च्या बरोबर वर, एकाही फ्रेमचा फरक न ठेवता. अक्षरांसाठी मेनूतून पारदर्शक पार्श्वभूमीची Text क्लिप तयार करून घ्या. V1 वरच्या क्लिपलाच अक्षरांचा फिल्टर लावला तर अक्षरं त्या चित्राचाच भाग होतात आणि त्यांना स्वतंत्र थर मिळत नाही.

V3 ला मास्क लावायच्या आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण निम्मी मेहनत तिच्यामुळे वाचते. V3 आणि V1 ही दोन्ही चित्रं एकसारखीच आहेत. त्यामुळे मास्क ढिला असला, माणसाभोवतीचं थोडं आकाश त्यात आलं, तरी जिथे अक्षर नाही तिथे ते दिसतच नाही. आकाशावर तेच आकाश पडतं. चूक दिसते ती फक्त जिथे माणूस आणि अक्षर एकमेकांवर येतात तिथे. म्हणजे पायांची, हातांची, फडफडणाऱ्या सदऱ्याची कडा कापायची गरजच नाही, अक्षरं तिथपर्यंत येत नसतील तर.

मग अक्षरं कुठवर आणायची? 700 पिक्सेल उंचीच्या माणसाचं डोकं साधारण 95 पिक्सेल उंच असतं. माणसाचे पाय पडद्याच्या तळाशी 1040 वर असतील तर डोक्याचा माथा 340 वर येतो आणि हनुवटी 435 च्या आसपास. अक्षरांचा तळ 410 वर ठेवा. आता अक्षरांना फक्त डोकंच भिडतं, खांदे नाहीत. डोकं बाजूने बघितलं तरी बऱ्यापैकी लंबगोल असतं. `Mask: Simple Shape` मध्ये लंबगोल आहेच. चालत्या माणसाला कापण्याचं अवघड काम असं एका लंबगोलावर आलं.

देवनागरीबाबत इथे थोडं थांबायला हवं. आपल्या अक्षरांची ओळख शिरोरेषेत नसते, तिच्या खाली असते. व आणि ब, क आणि फ, प आणि ष यांतला फरक सगळा खालच्या अंगात आहे. त्यामुळे माणसाने अक्षराचा खालचा पाव भाग झाकला तर वाचता येतं, अर्धा झाकला तर दुसरंच अक्षर वाटायला लागतं. उकार तर अगदी तळाशी असतो, डोकं त्यावरून गेलं की ‘पुणे’चं ‘पणे’ होतं. वरच्या उदाहरणात शिरोरेषा 150 वर आणि तळ 410 वर असेल तर अक्षर 260 पिक्सेल उंच होतं आणि डोकं त्यात सुमारे 70 पिक्सेल शिरतं, म्हणजे साधारण पाव. परिणाम साधायला तेवढं पुरतं. फाँट जाड घ्या, मुक्ता किंवा बालू यांची ठळक वजनं चांगली चालतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. एकेक अक्षर उमटत जाणारे तयार इफेक्टही याच कारणाने मराठीत फसतात. काना, मात्रा, वेलांटी मूळ अक्षरापासून सुटी पडते.

लंबगोल डोक्याबरोबर चालवणं

V3 ला मास्क लावला की पहिला गोंधळ उडतो तो हा, की काहीच दिसत नाही. खाली तेच चित्र असल्यामुळे लंबगोल कुठे आहे ते कळत नाही. यासाठी अक्षरं थोडा वेळ लपवून V2 वर पूर्ण पडद्याची लाल रंगाची क्लिप ठेवा आणि `Opacity` फिल्टरने तिची पारदर्शकता निम्मी करा. सगळं चित्र लालसर होतं आणि लंबगोलाच्या आत मूळ रंगाची स्वच्छ खिडकी दिसते. खिडकी डोक्यावर बसवणं मग सोपं. काम झालं की लाल क्लिप काढून अक्षरं परत आणा.

लंबगोलाचा आकार एकदा डोक्याला बसवला की सहसा बदलावा लागत नाही, कारण माणूस कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरून जातो आहे. हलतात ती फक्त आडवी आणि उभी जागा, `Horizontal` आणि `Vertical`. माणूस 1920 पिक्सेल सहा सेकंदांत जातो, म्हणजे सेकंदाला 320. ‘कोकण’ हा शब्द 960 पिक्सेल रुंद असेल तर डोकं अक्षरांपुढून तीन सेकंद, म्हणजे 90 फ्रेम चालतं. की-फ्रेम एवढ्याच भागात लागतात. त्याच्या आधी आणि नंतर मास्क कुठेही असो, फरक पडत नाही.

आता या 90 फ्रेममध्ये खुणा कुठे करायच्या? चालताना डोकं सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक पावलाला ते थोडं वर येतं आणि खाली जातं, साधारण चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे या आकाराच्या चित्रात पंधरा-वीस पिक्सेल. आरामात चालणारा माणूस सेकंदाला जवळजवळ दोन पावलं टाकतो, म्हणजे एका पावलाला सुमारे 16 फ्रेम. डोकं सगळ्यात वर असतं त्या फ्रेमवर एक खूण आणि सगळ्यात खाली असतं त्या फ्रेमवर एक, अशा दर आठेक फ्रेमला खुणा येतात. 90 फ्रेमसाठी अकरा-बारा. नुसत्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांवर सोडलं तर केसांच्या वर अक्षराचा तुकडा खाल्लेला दिसतो, नाहीतर अक्षर कपाळावर येतं, आणि दर पावलाला हे आलटून पालटून होत राहतं. असा पावलाच्या तालावरचा दोष दिसला की खुणा वर-खाली टोकांवर नाहीत, हे ओळखावं.

कडेचा मऊपणा, म्हणजे `Softness`, किती ठेवायचा हेही अंदाजाने न ठरवता मोजता येतं. माणूस एका फ्रेममध्ये 320 भागिले 30, म्हणजे जवळजवळ 11 पिक्सेल सरकतो. कॅमेऱ्याचा शटर 1/60 असेल तर तो फ्रेमच्या निम्मा वेळ उघडा असतो आणि डोक्याची कडा पाच-सहा पिक्सेल पुसट होते. मास्कची कडाही तेवढीच पुसट हवी. भर उन्हात फोन शटर फार वेगवान करतो, 1/1000 च्याही पुढे, आणि तेव्हा कडा चाकूसारखी येते. तिथे एक-दोन पिक्सेल पुरेत. कागद कापून चिकटवल्यासारखं दिसत असेल तर मऊपणा कमी पडला आहे. डोक्याभोवती धूसर वलय दिसत असेल तर तो जास्त झाला आहे.

केस मात्र लंबगोलात कधीच नीट बसत नाहीत. अंबाडा, वेणी, वाऱ्यावर उडणाऱ्या बटा बाहेर राहतात. अंबाड्यासाठी दुसरा `Mask: Simple Shape` लावून त्याचं `Operation` हे `Maximum` वर ठेवलं की दोन आकार एकत्र होतात. बटांसाठी उपाय रंगाचा आहे. अक्षरांचा रंग आकाशाच्या जवळचा घ्या, पांढुरक्या आकाशावर पांढरी अक्षरं, थोडी पारदर्शक. कडेच्या चुकीचा ठळकपणा अक्षर आणि आकाश यांच्यातल्या फरकावर ठरतो. निळ्या आकाशावर गडद लाल अक्षर घेतलं तर एकही पिक्सेल माफ होत नाही.

एक पाऊल पुढे जायचं असेल तर चालता माणूस अक्षरं उघडत जातो असं करता येतं. V2 वरच्या अक्षरांना आयताचा मास्क लावून त्याची पुढची कडा माणसाबरोबर न्यायची. पण एक अट आहे: माणूस अक्षरांच्या पूर्ण उंचीला झाकणारा हवा. वरच्या मांडणीत डोकं अक्षरांच्या खालच्या पाव भागातच आहे, तेव्हा वरच्या तीन चतुर्थांशात मास्कची उभी कडा उघडी पडते. म्हणून या प्रकारासाठी माणूस कॅमेऱ्याच्या जवळ, कंबरेपासून वर दिसेल असा घ्या आणि अक्षरं छातीच्या उंचीवर ठेवा. मग कडा धडाच्या रुंदीत लपते, खांबासारखीच. मात्र खांब बारीक झालेला चालतो, माणूस नाही. त्यामुळे V3 वर धड नीट कापलेलं लागतं आणि इथे लंबगोल अपुरे पडतात. साध्या पार्श्वभूमीवर चित्रीकरण केलेलं असलं तरच याच्या वाटेला जावं.

चित्र दुहेरी दिसत असेल तर

सगळं बरोबर करूनही कधीकधी माणसाच्या डोक्याभोवती त्याचंच भूत दिसतं. याचं कारण मास्क नसतो. V1 आणि V3 एकमेकांवर बसत नसतात. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो, आणि अशी क्लिप टाइमलाइनवर कापली की दोन प्रतींत एखाद्या फ्रेमचा फरक पडू शकतो. आपल्या उदाहरणात एक फ्रेम म्हणजे 11 पिक्सेल, सहज दिसतो. अशी क्लिप उघडताना Shotcut ती बदलून घ्यायला सुचवतो, तेव्हा `Convert to Edit-friendly` मान्य करा आणि दोन्ही थरांत ती बदललेली क्लिपच वापरा. दुसरं कारण म्हणजे प्रत काढल्यानंतर खालच्या क्लिपला हलवेपणा घालवणारा फिल्टर किंवा रंगाचा फिल्टर लावणं. असे फिल्टर प्रत काढायच्या आधी लावा. रंगाचा फिल्टर सगळ्यात वर `Output` ला लावला तरी चालतो, म्हणजे तो तिन्ही थरांना सारखाच लागतो.

मोबाइलवर

मोबाइलच्या पुष्कळ एडिटरमध्ये माणसाची पार्श्वभूमी एका बटणाने काढता येते, पण अक्षरं नेहमी सगळ्या थरांच्या वरच राहतात, त्यांना खाली ढकलता येत नाही. तिथे काम दोन फेऱ्यांत करतात. पहिल्या फेरीत मूळ क्लिपवर अक्षरं लिहून व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा. दुसऱ्या फेरीत हा अक्षरांचा व्हिडिओ खाली आणि मूळ क्लिप वर घेऊन वरच्या क्लिपची पार्श्वभूमी काढायची. अक्षरं आता चित्राचाच भाग असल्यामुळे ती आपोआप माणसामागे जातात. पहिला एक्स्पोर्ट शक्य तितक्या वरच्या दर्जात आणि मूळ क्लिपच्याच फ्रेमवेगात करा. भूत इथे फार लवकर येतं, कारण खालची क्लिप एडिटरमधून निघालेली असते आणि वरची थेट फोनमधली. सुरक्षित मार्ग असा की आधी मूळ क्लिप काहीही न करता एकदा एक्स्पोर्ट करून घ्यावी आणि दोन्ही फेऱ्यांत तीच वापरावी.

बटणाने कापलेल्या माणसाची कडा फ्रेमगणिक थोडी बदलते, म्हणून ती लुकलुकते. खांद्यावरची पिशवी, हातातली छत्री तर कधी येते, कधी जाते. खाली मूळ चित्र असल्यामुळे अक्षरांपासून दूर हे दिसत नाही, पण छत्री अक्षरांवरून जात असेल तर ती मधेच अक्षरांमागे जाईल. अक्षरं बाजूला सरकवणं किंवा वेगळी क्लिप घेणं, एवढेच पर्याय उरतात.

आणि माणूस उन्हासमोर काळा दिसत असेल, मागे उजळ आकाश असेल, तर मास्कचीही गरज नाही. अक्षरांना गडद रंग द्या आणि त्यांचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, `Multiply` किंवा `Darken` करा. अक्षर उजळ आकाशावर उमटतं, काळ्या आकृतीवर ते जवळजवळ दिसतच नाही, आणि केसांची प्रत्येक बट आपोआप अक्षराच्या पुढे येते. शर्ट पांढरा असला की मात्र अक्षर त्यावर छापल्यासारखं उमटतं.